क्रिएटिनचा एक महिना: तिसरा सेट आणि रक्ताचा रिपोर्ट

जिममध्ये नवा मुलगा आला की थोड्याच दिवसांत कुणीतरी त्याला दोन डबे सुचवतं. एक व्हे प्रोटीनचा, दुसरा क्रिएटिनचा. प्रोटीनच्या डब्याबद्दल घरात फार चर्चा होत नाही. दूध-डाळीतलंच काहीतरी असणार, अशी आईवडिलांची समजूत असते. क्रिएटिनचा डबा दिसला की मात्र प्रश्न सुरू होतात. हे स्टेरॉइड आहे का? यानं किडनी जाते का? केस गळतात का? आणि डबा आणणाऱ्याकडे बहुतेक वेळा एकच उत्तर असतं, "सगळे घेतात."

माझं वय ४६, वजन अडुसष्ट किलोच्या आसपास, आणि मी जन्मापासून शाकाहारी आहे. अंडंही खात नाही. पुण्यात घराजवळच्या जिममध्ये काही वर्षांपासून नियमित जातो. क्रिएटिनबद्दल मला कुतूहल वाटलं ते याच शाकाहारामुळे.

क्रिएटिन हा शरीराला परका पदार्थ नाही. आपली मूत्रपिंडं आणि यकृत मिळून अमिनो आम्लांपासून रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन तयार करतात. मांसाहारी माणसाला आणखी सुमारे एक ग्रॅम ताटातून मिळतं, कारण एक किलो कच्च्या मांसात ते चार-पाच ग्रॅम असतं आणि काही माशांत त्याहूनही जास्त. दुधात मात्र ते जवळजवळ नसतंच. लिटरभर दुधात ग्रॅमचा दहावा हिस्सा मिळेल. म्हणजे दूध, ताक, पनीर कितीही खाल्लं तरी शाकाहारी माणसाला ही भर पडत नाही. त्याच्या स्नायूंमधला क्रिएटिनचा साठा मांसाहारी माणसापेक्षा कमी असल्याचं स्नायूंचे नमुने तपासून दिसलेलं आहे. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि एरिक हल्टमन यांच्या गटानं क्रिएटिन खायला देऊन मांडीच्या स्नायूतला साठा वाढतो हे पहिल्यांदा नीट दाखवलं. ज्यांचा साठा मुळात कमी होता, त्यांच्यात वाढ जास्त झाली, हेही त्याच अभ्यासात पुढे आलं. म्हणजे काही फरक पडणारच असेल, तर तो माझ्यासारख्यात दिसायला हवा होता.

हा साठा काय कामाचा, ते थोडक्यात सांगतो. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. स्नायूत तयार असलेलं एटीपी जोराच्या कामात दोन-तीन सेकंदांतच संपेल इतकं थोडं असतं. ते लगेच भरून काढण्याचं काम फॉस्फोक्रिएटिन करतं. जड वजन उचलणं, जिन्यावर धावत सुटणं, छोटी दौड अशा दहा-पंधरा सेकंदांच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो. ते खर्च झालं की विश्रांतीच्या मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा भरतं. साठा मोठा असेल तर दोन गोष्टी अपेक्षित आहेत: जोर थोडा जास्त वेळ टिकेल, आणि छोट्या विश्रांतीनंतरचा दुसरा-तिसरा प्रयत्न कमी ढेपाळेल. तासभर चालणं किंवा सिंहगड चढणं या कामांची ऊर्जा मुख्यतः श्वासातल्या प्राणवायूच्या जोरावर मिळते, तिथे क्रिएटिनकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. प्रयोग आखताना मला या माहितीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, कारण काय मोजायचं हे तिच्यावरून ठरलं.

किती घ्यायचं यावर जिममध्ये दोन मतं असतात. एक मत 'लोडिंग'चं: पहिले पाच-सहा दिवस रोज २० ग्रॅम, चार वेळा विभागून. दुसरं मत रोज थोडं घेण्याचं. हल्टमन यांच्याच गटानं १९९६ मध्ये ही दोन्ही मतं शेजारी ठेवून तपासली. काहींना सहा दिवस रोज २० ग्रॅम दिलं, काहींना अठ्ठावीस दिवस रोज ३ ग्रॅम. दोन्हीकडे स्नायूतला साठा शेवटी सुमारे २० टक्क्यांनी वाढला. फरक फक्त वेगाचा होता. एकदम जास्त घेतलं की अनेकांचं पोट बिघडतं, आणि मला घाई नव्हती. म्हणून मी रोज ३ ग्रॅम आणि एक महिना असं ठरवलं. महिन्याची मुदत सोयीची म्हणून घेतलेली नाही. तेवढ्या वेळात साठा भरतो हे आधीच माहीत होतं.

विकत घेतलं ते साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट. बाजारात याचे महागडे भाऊबंद बरेच आहेत, पण ज्या अभ्यासांवर सगळा विश्वास उभा आहे ते जवळजवळ सगळे या साध्या प्रकारावरच झाले आहेत. डब्यातला चमचा ३ ग्रॅमचा असल्याचं वर लिहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर तपासलं तर सपाट चमचा २.८ ग्रॅम भरला आणि शिगोशीग चमचा ४ ग्रॅमच्या वर गेला. त्यामुळे महिनाभर चमच्यावर न जाता रोज वजन करून घेतलं. ही पांढरी पूड थंड पाण्यात सहज विरघळत नाही. ढवळलं तरी ग्लासाच्या तळाशी बारीक रव्यासारखा थर राहतो आणि पिताना दातांखाली कचकचतो. कोमट पाण्यात तीच पूड मिनिटभरात दिसेनाशी होते. तळाशी राहिलेली पूड म्हणजे पोटात न गेलेला डोस, म्हणून मी कोमट पाण्यातच घेत होतो आणि ग्लास थोड्या पाण्यानं विसळून तेही पीत होतो. पाण्यात कालवून बाटली दिवसभर बरोबर ठेवणं मात्र बरोबर नाही. पाण्यात, विशेषतः लिंबू पिळलेल्या आंबट पाण्यात, क्रिएटिनचं हळूहळू क्रिएटिनिन होत जातं आणि ते शरीराच्या उपयोगाचं नसतं.

सुरुवात करण्याआधी दोन आठवडे मी फक्त मोजमापं घेतली. माझ्या मते सगळ्या प्रयोगात हे दोन आठवडे सगळ्यात मोलाचे ठरले. आपली मापं आपोआप किती हलतात हे कळल्याशिवाय नंतरचा कुठलाही फरक वाचता येत नाही. सकाळी उठून, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन केलं, तरी ते ६७.९ ते ६९.१ किलो इतकं खालीवर होत होतं. आदल्या रात्री पापड-लोणच्यासकट जेवण झालं की सकाळी काटा वर. दमदार व्यायाम होऊन रात्री हलकं जेवलो की खाली. एकच दिवस आधी आणि एकच दिवस नंतर वजन करून "सव्वा किलो वाढलं" असं सांगणाऱ्यानं क्रिएटिन घेतलेलंच नसेल, तरी त्याला हा फरक सापडू शकतो. म्हणून मी आठवड्याची सरासरी धरली. सुरुवातीची सरासरी ६८.४ किलो होती.

क्रिएटिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात सरासरी ६८.७ झाली, दुसऱ्यात ६९.१, आणि चौथ्या आठवड्याची आली ६९.५. म्हणजे १.१ किलोची वाढ. कमरेचा घेर तेवढाच राहिला. मांडीचा घेर साधारण अर्धा सेंटिमीटर वाढलेला दिसला, पण त्यावर मी भरवसा ठेवत नाही; टेप त्याच जागी तीनदा लावली तर ५२.४, ५२.९ आणि ५२.६ अशी तीन उत्तरं येत होती. जेवढा फरक दिसतो तेवढीच मापाची चूक असेल तर तो फरक धरायचा नाही, हा नियम मी सगळीकडे पाळला.

हे अकराशे ग्रॅम कशाचे? स्नायूचे असावेत असं कुणालाही वाटेल. जिममध्ये आरशापुढे उभं राहिल्यावर दंड थोडे भरलेले वाटत होते, हेही खरं. पण महिन्याभरात, माझ्या वयात, त्याच खाण्यावर एक किलो नवा स्नायू तयार होत नाही. क्रिएटिन स्नायूपेशीत शिरताना बरोबर पाणी ओढून नेतं, आणि पहिल्या आठवड्यांतली वाढ बहुतांशी त्या पाण्याची असते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे फार स्वच्छपणे दिसतं. त्यांनी ६३ जणांचे दोन गट केले. एका गटाला व्यायाम सुरू करण्याआधीच आठवडाभर रोज ५ ग्रॅम क्रिएटिन दिलं. त्या एका आठवड्यात, कुठलाही व्यायाम न करता, त्यांचं चरबीविरहित वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे अर्धा किलो जास्त भरलं. पुढे दोन्ही गटांनी बारा आठवडे सारखाच वजनांचा व्यायाम केला, आणि शेवटी दोघांचीही कमाई जवळपास सारखी, प्रत्येकी साधारण दोन किलो निघाली. शरीरातल्या स्नायूंचं वजन सांगणारी यंत्रं पेशीतलं पाणी आणि नवा स्नायू यांत भेद करत नाहीत. 'महिन्यात दीड किलो मसल' अशी जाहिरात वाचताना हे लक्षात ठेवावं. अर्थात एकाच अभ्यासावरून निकाल लागत नाही. त्यातला डोस रोज ५ ग्रॅमच होता, आणि आधीच्या अनेक अभ्यासांत व्यायामाबरोबर थोडा जास्त फायदा दिसलेला आहे. माझ्या १.१ किलोबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. ते पाणी होतं.

ताकदीसाठी मी एकच चाचणी धरली, पण ती काटेकोर. बेंच प्रेसवर ४० किलो, जितके रेप्स निघतील तितके काढायचे, मग घड्याळ लावून नव्वद सेकंद विश्रांती, पुन्हा तितकेच जोरानं, पुन्हा नव्वद सेकंद, आणि तिसरा सेट. रेप कधी धरायचा तेही पक्कं: दांडा छातीला टेकला पाहिजे आणि वर हात पूर्ण सरळ झाले पाहिजेत. मोजण्याचं काम ट्रेनरकडे दिलं. त्याला मी काय घेतोय किंवा कधीपासून घेतोय हे सांगितलं नव्हतं. अर्धवट आलेला रेप स्वतः मोजताना आपण नकळत पूर्ण धरतो. तो धरत नाही. "नाही सर, हात लॉक नाही झाले," असं दोनदा ऐकावं लागलं, आणि ते रेप वहीत लिहिले नाहीत.

आधीच्या दोन आठवड्यांतल्या पहिल्या चाचणीत तीन सेटचे आकडे १०, ७, ५ असे आले. आठवड्यानं तीच चाचणी घेतली तेव्हा ११, ८, ६. काहीही न घेता प्रत्येक सेटमध्ये एक रेप वाढला होता, कारण चाचणीचीही सवय होते. दम कुठे राखायचा, दांडा कुठल्या रेषेत न्यायचा, हे शरीर शिकतं. क्रिएटिनच्या महिन्याअखेरीला आकडे आले १२, १०, ८.

हे आकडे नीट बघितले तर पहिल्या सेटमध्ये एकच रेप वाढला आहे, तेवढा सरावानंही वाढतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटमध्ये दोन-दोन वाढले. साठा मोठा असेल तर नंतरचे प्रयत्न कमी ढेपाळतील, ही जी अपेक्षा होती, तिच्याशी हे जुळतं. तिसरा सेट पहिल्याच्या तुलनेत आधी ५५ टक्के होता, आता ६७ टक्के झाला. मला स्वतःला महिनाभरातला सगळ्यात खरा वाटलेला बदल हाच. विश्रांतीनंतर पुन्हा बाकावर आडवं होताना हात जड वाटायचे, ते कमी वाटायला लागले. पर्वतीच्या पायऱ्या झपाझप चढण्याचीही वेळ मी लावत होतो. तिच्यात दखल घेण्याजोगा बदल झाला नाही, आणि होईल असं वाटलंही नव्हतं.

पण या आकड्यांच्या आड येणाऱ्या शंका मी बाजूला सारू शकत नाही. दोन रेपची वाढ ही सरावाची असू शकते, त्या दिवशीच्या चांगल्या झोपेची असू शकते, आणि आपण काहीतरी घेतोय या जाणिवेचीही असू शकते. ट्रेनरला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. शेवटचा रेप ढकलायचा की सोडायचा हा निर्णय माझाच असतो, आणि तो निर्णय घेताना मनात डबा असतोच.

यावर उपाय म्हणून बायकोला सांगून, मला न कळू देता, काही दिवस क्रिएटिन आणि काही दिवस तशीच दिसणारी दुसरी पूड द्यायची, असं मी आधी ठरवत होतो. चहा-कॉफीसारख्या गोष्टीचा असा आलटून-पालटून प्रयोग घरी करता येतो, कारण तिचा अंमल काही तासांत उतरतो. क्रिएटिनचं तसं नाही. साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात, आणि घेणं थांबवल्यावर तो मूळ पातळीवर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दोन्ही पाळ्या नीट करायच्या तर चार-पाच महिने हवेत, आणि तेवढ्या काळात व्यायामानं झालेला बदल दोन्ही पाळ्यांत मिसळणार. त्यामुळे महिनाभराच्या घरगुती प्रयोगातून क्रिएटिननं ताकद वाढली हे सिद्ध करणं शक्य नाही, मापं कितीही प्रामाणिक असली तरी. वाढ होते हे आपण मोठ्या गटांवरच्या, खरी आणि खोटी पूड वाटून केलेल्या अभ्यासांवरून मानतो. माझे आकडे त्यांच्या विरुद्ध जात नाहीत, इतकंच मी म्हणेन.

आता रक्ताच्या रिपोर्टकडे येतो. क्रिएटिन घेणाऱ्या प्रत्येकानं आणि त्याच्या घरच्यांनी समजून घ्यावा असा भाग हाच आहे.

सुरुवातीला मी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं होतं. ते ०.९२ आलं. महिन्याअखेरीला त्याच लॅबमध्ये, तसंच उपाशीपोटी, आणि आदले दोन दिवस व्यायाम न करता पुन्हा तपासलं. १.१२ आलं. आकडा लॅबच्या मर्यादेत होता, पण त्याच्या खालची ओळ घाबरवणारी होती. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, १०४ वरून ८२ वर आला होता. रिपोर्ट घरच्या ग्रुपवर गेला आणि ताईचा लगेच फोन आला. "अरे, किडनीचा आकडा वीसनं खाली आलाय आणि तू अजून ती पावडर घेतोयस?" तिची काळजी रास्त होती. रिपोर्ट जसा छापलेला असतो तसा वाचला तर कुणालाही हेच वाटेल.

इथे लॅबनं प्रत्यक्षात काय मोजलं हे बघायला हवं. लॅबनं गाळण्याची क्षमता मोजलेली नाही. तिनं रक्तातलं क्रिएटिनिन मोजलं, ते माझं वय आणि लिंग यांच्यासह एका सूत्रात घातलं, आणि सूत्रातून ८२ हा आकडा बाहेर पडला. हे सूत्र गृहीत धरतं की माणसाच्या शरीरात क्रिएटिनिन ठरावीक वेगानं तयार होत असतं, आणि रक्तात ते साचलं तर मूत्रपिंड कमी गाळतंय. सामान्य माणसासाठी हे गृहीत बऱ्यापैकी चालतं.

पण क्रिएटिनिन येतं कुठून? स्नायूतल्या क्रिएटिनमधूनच. साठ्यातलं दीड-दोन टक्के क्रिएटिन रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि लघवीवाटे बाहेर जातं. सत्तर किलोच्या पुरुषात एकूण साठा साधारण १२० ग्रॅम असतो, म्हणजे रोज सुमारे दोन ग्रॅम. आता माझा साठा क्रिएटिन घेऊन २० टक्क्यांनी वाढला असं धरू. मग रोज तयार होणारं क्रिएटिनिनही २० टक्क्यांनी वाढणार. मूत्रपिंड पूर्वीइतकंच चोख काम करत असेल, तर रक्तातली पातळीही साधारण तेवढीच वर जाऊन स्थिर होईल. ०.९२ चे २० टक्के वाढवले की १.१० होतात. माझा आकडा १.१२ होता.

मूत्रपिंडाला काहीही झालेलं नसताना जो आकडा यायला हवा, जवळपास तोच आकडा आला होता. ही ताळ्याची बेरीज मी कागदावर मांडून ताईला पाठवली. सगळ्यांचं क्रिएटिनिन इतकं वाढत नाही. ज्यांचा साठा आधीच भरलेला आहे, त्यांच्यात वाढ कमी दिसते. शिवाय एवढ्याशा आकड्यात लॅबचा आणि शरीराचा रोजचा चढउतारही मिसळलेला असतो.

मात्र या बेरजेवर थांबता येत नाही, आणि जिममधले सल्लागार नेमके इथेच थांबतात. "क्रिएटिन घेतलं की क्रिएटिनिन वाढतंच, टेन्शन घेऊ नको," असं ते सांगतात. पहिलं वाक्य बऱ्याच अंशी बरोबर आहे, दुसरं धोक्याचं आहे. क्रिएटिनिन ०.९२ वरून १.१२ होण्यामागे खरोखरच बिघडत चाललेलं मूत्रपिंडही असू शकतं. केवळ त्या आकड्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या माणसानं क्रिएटिन सुरू केलं आणि त्याच सुमारास मूत्रपिंडाला इजा होऊ लागली, तर पावडरीच्या नावाखाली खरा आजार झाकला जाईल.

मी आमच्या डॉक्टरांना सगळं दाखवलं. क्रिएटिनचा डबाही नेला. त्यांनी दोन तपासण्या सांगितल्या. पहिली लघवीतल्या अल्ब्युमिनची. गाळणी सुस्थितीत असेल तर हे प्रथिन लघवीत फारसं उतरत नाही. दुसरी रक्तातल्या सिस्टॅटिन-सीची. हे एक छोटं प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी सतत तयार करतात आणि मूत्रपिंड ते गाळतं. त्याचा क्रिएटिनच्या साठ्याशी संबंध नाही, म्हणून पावडर घेणाऱ्यात ते जास्त खरं बोलतं. ही तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते आणि क्रिएटिनिनपेक्षा बरीच महाग पडते. थायरॉइडचा विकार असेल किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर तिचाही आकडा हलतो, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं. माझं सिस्टॅटिन-सी ०.८४ आलं, अगदी व्यवस्थित. लघवीतलं अल्ब्युमिनही मर्यादेच्या पुष्कळ खाली होतं. "गाळणी ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण पुढच्या वेळी कुठेही रक्त देताना कागदावर लिहून द्या की क्रिएटिन चालू आहे. समोरच्या डॉक्टरला हे कळायलाच हवं."

निरोगी माणसात शिफारशीच्या मात्रेनं मूत्रपिंड बिघडल्याचं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण त्या अभ्यासांत भाग घेणारे बहुतेक निरोगीच होते. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, एकच मूत्रपिंड आहे, मधुमेह आहे किंवा मूत्रपिंडावर ताण आणणारी औषधं चालू आहेत, त्यांना हा दिलासा जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये. निरोगी माणसानंही सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन तपासून ठेवावं. माझ्याकडे ०.९२ हा आधीचा आकडा नसता तर १.१२ चा अर्थच लावता आला नसता.

बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं लवकर देता येतात. क्रिएटिन स्टेरॉइड नाही. ते संप्रेरक नाही आणि खेळाडूंच्या बंदी घातलेल्या पदार्थांच्या जागतिक यादीतही नाही. केस गळण्याची भीती मुख्यतः २००९ मधल्या दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंच्या एका छोट्या अभ्यासातून आली. त्यात टक्कल पडण्याशी संबंध असलेलं डीएचटी हे संप्रेरक वाढलेलं दिसलं होतं, पण कुणाचे केस मोजलेच नव्हते. २०२५ मध्ये बारा आठवड्यांच्या एका अभ्यासात केसही तपासले आणि खऱ्या व खोट्या पुडीच्या गटांत फरक आढळला नाही. माझ्या कंगव्यात महिन्यात वेगळं काही दिसलं नाही. अर्थात केसांच्या बाबतीत महिना हा काहीही सांगायला अपुरा काळ आहे.

महिना संपल्यावर मी मुद्दाम थांबलो आणि साठा रिकामा व्हायला पुरेसा वेळ जाऊ दिला. व्यायाम, खाणं, झोप शक्य तितकी तशीच ठेवली. वजनाची सरासरी ६८.७ वर उतरली, म्हणजे वाढलेल्या १.१ किलोतले आठशे ग्रॅम निघून गेले. क्रिएटिनिन ०.९४ वर आलं. हे दोन्ही आकडे मला महिन्याअखेरीच्या आकड्यांपेक्षाही जास्त बोलके वाटतात. चढताना सापडलेलं कारण उतरताना पुन्हा तपासून बघता आलं, आणि ते टिकलं.

बेंच प्रेसचं उत्तर इतकं साफ आलं नाही. त्याच वजनावर, त्याच ट्रेनरच्या मोजणीनं तीन सेट निघाले १२, ९, ७. पहिला सेट तिथेच राहिला, पुढच्या दोन सेटमधून एकेक रेप गेला. सरावानं मिळवलेलं राहिलं आणि क्रिएटिननं दिलेलं गेलं, असं यातून वाचता येईल. पण एका रेपचा फरक झोपेनंही पडतो हे मला पहिल्या दोन आठवड्यांतच दिसलं होतं. तेव्हा माझ्या वहीपुरता हिशेब असा आहे की क्रिएटिनचा फायदा नंतरच्या सेटमध्ये फार तर एक-दोन रेपचा असावा.

एक-दोन रेप थोडे वाटतात, पण आठवड्यातून तीन-चार दिवस, प्रत्येक व्यायामप्रकारात एखादा जास्त रेप निघत राहिला तर वर्षभरात त्यातून खरा स्नायू तयार होऊ शकतो. क्रिएटिनचा लांब पल्ल्याचा उपयोग सांगितला जातो तो याच मार्गानं. उतरत्या वयात स्नायू राखणं अवघड होत जातं, म्हणून मला या शक्यतेत रस आहे. मी पुन्हा रोज ३ ग्रॅम सुरू केलं आहे. सहा महिन्यांनी सिस्टॅटिन-सी परत तपासायचं डॉक्टरांशी ठरलं आहे, आणि बेंच प्रेसच्या जोडीला या वेळी स्क्वॉटचीही तीन सेटची चाचणी धरली आहे, कारण मांड्यांचे स्नायू मोठे असतात आणि तिथे फरक असेल तर तो जास्त रेपमध्ये दिसायला हवा.